कोऱ्या हमीपत्रावरचा अंगठा

मशीन थांबवा गं दोन मिनिटं, ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. मास्तर आले तर म्हणा, कॉलर मोजून घेतोय.

परवा मी सुट्टी घेतली होती ना, ती धाकटीसाठी. माझी मावसबहीण. तिच्या वर कोणी नाही, खाली कोणी नाही, तरी सगळे तिला धाकटीच म्हणतात. नर्सिंग कॉलेजला तिचा नंबर लागला होता आणि परवा फी भरायचा शेवटचा दिवस. चार वाजता खिडकी बंद. तोवर पावती हातात नसेल तर साडेचारला भिंतीवर वेटिंगची यादी लागणार आणि हिची जागा दुसरीला जाणार. विनवण्या चालत नाहीत, कारण सगळं कॉम्प्युटरवर असतं, आणि कॉम्प्युटरच्या पाया पडता येत नाही.

ती पहाटेच्या पहिल्या गाडीने गावाहून आली. स्टँडवर उतरली तेव्हा अंगात मावशीचा स्वेटर. उन्हाळा आहे म्हटलं, काढ. म्हणाली, "राहू दे ताई, सकाळी गार होतं." मावशीला जाऊन पाचच महिने झालेत. तुम्हाला आठवत असेल, मी चार दिवस आले नव्हते.

मावशी आणि काका दोघंही खडी फोडायला जायचे, दगडाच्या खाणीवर. ती पांढरी धूळ माहितीये ना, भाकरीच्या पिठासारखी बारीक. वीस वर्षं ती मावशीच्या छातीत जात राहिली. गेल्या वर्षी याच कॉलेजात धाकटीचा नंबर लागला होता, आणि फी भरायच्या दोन दिवस आधी मावशीचा श्वास असा अडकला की तिला दवाखान्यातच न्यावं लागलं. जागा गेली. मग सात महिने धाकटीने तिचं सगळं केलं. पाठीला उशी लावून बसवायची, रात्रंदिवस. आणि शेवटी मावशी गेलीच.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी मावशी एकदा माझ्याकडे आली होती, कॉलेजचे फॉर्म घ्यायला. त्यात एक पालकांचं हमीपत्र असतं. माझी पाल्य हजर राहील, नीट वागेल, फी वेळेवर भरेल, सगळ्याची जबाबदारी माझी. दरवर्षी नवं द्यावं लागतं. मावशीने झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या चार प्रती काढून घेतल्या, चार वर्षांच्या चार, आणि तिथेच काउंटरवर शाईचा पॅड मागून चारही कोऱ्या कागदांवर अंगठे उठवले. नाव नाही, तारीख नाही, फक्त खाली अंगठा. मी म्हटलं, मावशी, असं आधीच करून ठेवतात का? तर म्हणाली, "दरवर्षी खाडा करून कोण येणार? एकदाच उरकून टाकते." झेरॉक्सवाला हसला. म्हणाला, "मावशी, हा अंगठा आहे का डाग?" कारण त्यात रेघाच नव्हत्या. दगडाने सगळ्या झिजून गेलेल्या. नुसता काळा लंबगोल, आणि मधोमध एक तिरकी पांढरी फट, छिन्नी लागली होती तिथली.

ते चार कागद धाकटीच्या फाइलीत होते. त्यातल्या एकावर तिने परवाची तारीख घातलेली. मी बघितलं आणि म्हटलं, "अगं, काकांची सही का नाही घेतलीस?"

म्हणाली, "बाबांना विचारलं. ते म्हणाले, तिने करून ठेवलंय ना, मग मला कशाला."

"पण ती..."

"मला माहितीये ताई."

झालं, विषय बंद.

साडेदहाला आम्ही रांगेत उभ्या राहिलो. लांबच लांब व्हरांडा, एका बाजूला जाळीच्या खिडक्या. पहिल्या खिडकीत कागद तपासतात, शिक्का मारतात आणि चलन देतात. ते चलन घेऊन दुसऱ्या खिडकीत पैसे. मग पावती दाखवायला परत पहिलीत, की तिथली बाई कॉम्प्युटरवर नाव पक्कं करते. आमच्या पुढे साठेक जण. पंखा एकच, तोही खिडकीच्या आत.

आणि धाकटी काय करत होती माहितीये? रांग पुढे सरकली की ती सरकायची, पण पुढच्यापासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मागचे वैतागले. "ओ ताई, झोप लागली का, सरका की." ती सरकायची, परत तेवढीच जागा. दोनदा एक जण त्यात घुसायला बघत होता, तर तिने हात आडवा केला आणि म्हणाली, "इथे आहे कोणीतरी." मला वाटलं माझ्यासाठी ठेवतेय. पण मी तर तिच्या मागे उभी होते.

मग मीच मागच्यांना म्हटलं, सरकतोय हो, खिडकी कुठे पळून जात नाही.

व्हरांड्याच्या पायरीवर एक बाई बसली होती, मुलीला घेऊन. वेटिंगमधली पहिली ती मुलगी. बाई साधी, तोंडाने गोड. रांगेतल्या प्रत्येकाला विचारायची, "तुमचे सगळे कागद आहेत ना हो?" आहेत म्हटलं की मान हलवायची आणि परत मुलीची वेणी घालत बसायची. सकाळपासून तिने तिची वेणी तीनदा सोडली आणि तीनदा घातली. आम्हालाही विचारलं. धाकटी म्हणाली, आहेत. मग बाईच्या हातातल्या वेणीकडेच बघत राहिली.

एक वाजून दहा मिनिटांनी नंबर आला.

खिडकीतल्या बाईने वर न बघता हात बाहेर काढला. अलॉटमेंटचं पत्र, टिक. गुणपत्रिका, टिक. शाळा सोडल्याचा दाखला, टिक, आणि मग तिचं पेन त्या दाखल्यावरच थांबलं. "हा गेल्या वर्षीचा आहे."

"हो."

"मग गॅप सर्टिफिकेट कुठंय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. ती भिंतीवरची यादी मी स्वतः वाचली होती. अकरावा नंबर, "खंड असल्यास प्रतिज्ञापत्र, लागू असल्यास." धाकटीने त्याच्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, लागू नाही.

"बाई, खंड नाही पडला," धाकटी म्हणाली. "मी वर्षभर रिकामी नव्हते. एक दिवस पण नव्हते."

बाईने आता वर बघितलं. वाईट नव्हती हो ती, दमलेली होती. "अगं, शाळा सोडलीस त्या दिवसापासून आजपर्यंत कुठे शिकत होतीस का? नाही ना? त्याला खंड म्हणतात. स्टॅम्प पेपरवर लिहून आण, की या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नाही, आणि खंड का पडला ते कारण. नोटरीचा शिक्का पाहिजे. वय अठराच्या वर आहे ना? मग तुझं तूच करू शकतेस." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "दीड ते दोन जेवणाची सुट्टी. चारला मी हे बंद करते. पुढचा कोण?"

रांगेतून बाहेर पडलो. परत मागे लागलो तर नंबर कधी येणार? तेवढ्यात ती वेणीवाली बाई पायरीवरून उठली. म्हणाली, "काय राहिलं?" मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मी बघितलं गं, आम्ही आलो नाही की तिच्या मुलीची जागा पक्की. पण ती रांगेच्या टोकाला गेली आणि तिथल्या शेवटच्या माणसाला म्हणाली, "दादा, यांच्यासाठी तुमच्या मागे मी उभी राहते. आल्या की सोडून देईन." आणि उभी राहिली. मुलगी पायरीवरून "आई" म्हणून ओरडली, तर तिला म्हणाली, "गप बस."

आम्ही पळालो. मागच्या रस्त्याला कचेरीचं आवार आहे ना, पत्र्याच्या टपऱ्या, तिथे. स्टॅम्प पेपर मिळाला. टायपिंगवाला जेवत होता, डाव्या हाताने माउस धरून उजव्याने घास. त्याच्याकडे मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि तारखा बदलायच्या. "मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की" वगैरे. कारणाच्या जागी आला आणि थांबला. "आजारपण टाकू? सगळे तेच टाकतात."

"टाका," मी म्हटलं.

"कोणाचं?"

धाकटी म्हणाली, "आईचं."

"मग आता कशी आहे आई? म्हणजे तसं वाक्य लागतं शेवटी, नाहीतर विचारतात."

मी तोंड उघडणार, तर ही म्हणते, "बरी आहे."

तिचा आवाज इतका साधा होता, जणू सकाळी घरून निघताना विचारून आली होती. आणि मला तिचं सगळं कळतही होतं. हमीपत्रावर मावशीचा अंगठा, आजच्या तारखेचा. या कागदात मावशी गेली असं लिहिलं तर तो अंगठा कोणाचा? काकांना बोलवायचं तर खाण सहा तासांवर, आणि खाली खड्ड्यात फोनला रेंज नाही. मी तरी लावून बघितला. संपर्काबाहेर. म्हणजे मावशी बरी असेल तर सगळे कागद जुळत होते. मेलेली असेल तर एकही जुळत नव्हता.

टायपिंगवाल्याने लिहिलं, "आता आईची प्रकृती सुधारली असून मी पुढील शिक्षण घेण्यास तयार आहे." प्रिंटर घरघरला. त्याचा आवाज कसा होता सांगू? थांबत, ओढत, परत थांबत. धाकटी त्याच्याकडे असं बघत होती की मी तिचा दंड धरला.

नोटरी बाजूच्याच टेबलावर. म्हातारे वकील, चष्मा कपाळावर. त्यांच्यापुढे मोठी वही. आधी वहीत नाव, ओळखपत्राचा नंबर, मग त्यांच्यासमोर वहीत सही आणि कागदावर सही, मग गोल शिक्का. पण त्याआधी त्यांनी कागद तिच्या हातात दिला. "मोठ्याने वाच. सगळ्यांना वाटतं मी शिक्के मारायला बसलोय. वाचल्याशिवाय मी मारत नाही."

ती वाचू लागली. नाव, वय, पत्ता. खंडाच्या तारखा. या काळात मी कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही. मग आईच्या आजारपणामुळे. मग, "आता आईची..."

तिथे अडकली. परत, "आता आईची..." आणि तिचा श्वास अडकला. असा, वर वर, छातीच्या टोकाशी. मी तो श्वास ओळखते गं. शेवटच्या महिन्यात मावशीला बघायला गेले होते तेव्हा ऐकलाय. तोच. स्वेटरसकट.

वकिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पाणी पाज तिला." मग तिला म्हणाले, "बाळ, यात जे खरं नाही ते मला सांग. सही केल्यावर सांगून उपयोग नाही."

बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, लागतच नव्हती. मग ती म्हणाली, "खोडता येतं का?"

"येतं. आडवी एक रेघ, वर खरं काय ते हाताने लिहायचं, बाजूला तू छोटी सही करायची, त्याशेजारी मी करतो."

तिने पेन घेतलं. रेघ मारायला तिला किती वेळ लागला असेल? मला विचाराल तर अख्खी दुपार. घड्याळात दोन मिनिटं. शब्द इतके हळू खोडले की जणू खालून कोणी हात धरून ठेवला होता. आणि वर लिहिलं, "आईचे निधन झाले." तारीख घातली. पाच महिन्यांत घरात कोणी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. काका पण म्हणायचे, "तुझी आई नसते आता." नसते. जशी कामाला गेल्यावर नसते तशी.

वकिलांनी शेजारी छोटी सही केली, वहीत नंबर टाकला आणि शिक्का दाबला. तीन वाजून पाच मिनिटं.

परत पळताना मी म्हटलं, "आता हमीपत्राचं काय?" ती म्हणाली, "बघू." तिने पळता पळताच स्वेटर काढून कमरेला बांधला होता.

ती वेणीवाली बाई खिडकीपासून चौथी उभी होती. आम्हाला बघितलं आणि तिचे खांदे खाली आले, इतके थोडे की तुम्हाला दिसलेही नसते. बाजूला झाली. "मिळालं?" म्हणाली. धाकटीने मान हलवली. बाई पायरीवर जाऊन बसली. या वेळी वेणीला हात लावला नाही तिने.

खिडकी. तीन वीस. बाईने प्रतिज्ञापत्र वाचलं, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून परत वाचलं. मग हमीपत्र उचललं. ती काही बोलायच्या आत धाकटीच म्हणाली, "बाई, ते चालणार नाही. तो आईचाच अंगठा आहे. गेल्या वर्षी करून ठेवला होता. तारीख मी घातली, सकाळी."

मला वाटलं, संपलं.

बाईने तो कागद डोळ्यांजवळ नेला. "रेघा कुठेयत याच्या?"

"खडी फोडायची," धाकटी म्हणाली.

बाईने कागद खाली ठेवला. "वडील?"

"खाणीवर. फोन लागत नाही."

"मग तुझी जबाबदारी कोण घेतं?" असं विचारलं गं तिने. फॉर्मवर असतं ना तसंच, पण तोंडाने. आणि मी मूर्ख, मीही तिच्या मागे उभी राहून उत्तराची वाट बघत होते.

बाईच म्हणाली, "या कोण?"

"ताई. मावसबहीण."

"वय?"

"चोवीस," मी म्हटलं.

"पालक म्हणजे आईवडीलच असं यात कुठे लिहिलेलं नाही. पालक किंवा जवळचा सज्ञान नातेवाईक. ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, नातं लिहायचं, सही माझ्यासमोर. कोरा फॉर्म आहे का?"

धाकटीने फाइल उघडली. कोरे तीनच होते, आणि तिन्हींवर खाली तो काळा डाग. ती ते खिडकीत देईना. बाईने जाळीतून बघितलं आणि ड्रॉवरमधून स्वतःकडचा एक काढून दिला.

माझं ओळखपत्र पर्समध्ये, झेरॉक्स कोपऱ्यावर. धावत गेले, धावत आले, तीन चाळीस. तुम्हाला माहितीये मी किती सह्या करते, रोज माल घेताना, देताना. पण तिथे ते वाक्य वाचलं, "पाल्याच्या वर्तनाची, हजेरीची व शुल्काची संपूर्ण जबाबदारी माझी राहील," आणि पेन टेकवायच्या आधी परत एकदा वाचलं. मी स्वतः दहावीनंतर मशीनवर बसलेय. मी कसली पालक? मावशी चारदा अंगठा उठवताना हसत होती. तिने एकदाही विचार केला नव्हता. मी सही केली. बाई म्हणाली, "अंगठा पण." माझा अंगठा उठला तर रेघा अशा ठळक, गोल गोल, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. मला लाज वाटली, का ते सांगता येत नाही.

"हे जुनं मी रद्द करते," बाई म्हणाली आणि लाल पेन उचललं.

"नका," धाकटी म्हणाली. "मी परत घेते."

"तारीख घातलेला कागद मी असाच परत देऊ शकत नाही. उद्या कोणी वापरला तर?"

"मग मीच मारते रेघ." आणि तिने लाल पेन जाळीतून घेतलं आणि तारखेवर रेघ मारली. फक्त तारखेवर. अंगठ्याला पेन लावलं नाही. बाईने बघितलं, शिक्का उचलला, परत ठेवला, आणि तो कागद चलनाबरोबर आमच्याकडे सरकवला. "पळ. पैशाची खिडकी."

तीन बावन्नला पावती हातात. तीन पंचावन्नला बाईने कॉम्प्युटरवर नाव पक्कं केलं. पायरीवरची ती आई उठली, मुलीची फाइल स्वतःच्या पिशवीत घातली आणि आमच्याजवळून जाताना म्हणाली, "झालं ना? बरं झालं." खरंच म्हणाली. धाकटी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली, त्या दोघी फाटकाबाहेर जाईपर्यंत.

मी तिला गाडीत बसवायला गेले. तीन जणांची सीट. ती खिडकीशी, गाडी सुटेपर्यंत मी कडेला, आणि मधे तिने फाइल ठेवली. सकाळच्या रांगेसारखीच, एक माणूस मावेल एवढी जागा. गाडी भरत आली. एक म्हातारी आली, हातात पिशव्या, म्हणाली, "इथे कोणी आहे का गं?"

मी धाकटीकडे बघितलं. तिने फाइल उचलली आणि मांडीवर घेतली. "नाही आजी," म्हणाली. "बसा."

म्हातारी बसली आणि लगेच अर्धवट उठली. सीटवरून हात फिरवला. "आत्ताच कोणी उठलं वाटतं इथून," म्हणाली. "गरम आहे."

ऊन दुसऱ्या बाजूला होतं गं. मी बघितलं ना, ऊन पूर्ण दुसऱ्या बाजूला होतं. धाकटी फाइलवर हात ठेवून बाहेर बघत राहिली, आणि पहिल्यांदाच, त्या अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच, तिचा श्वास सरळ चालला होता.